‘नमस्कार’ म्हणताच खाते क्रमांक सांगणारा खातेदार: शाखेच्या मदत-कक्षासाठी टप्प्याटप्प्याने कार्यपद्धती

हा लेख बँकेच्या चौकशी खिडकीवर, शाखेच्या दूरध्वनीवर किंवा शाखेने व्हॉट्सॲपवर सुरू केलेल्या मदत-क्रमांकावर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. प्रसंग रोजचाच असतो. समोरची व्यक्ती नमस्कार करते आणि आपण काही विचारण्याआधीच खाते क्रमांक, आधार क्रमांक, घराचा पत्ता, कधी कधी जन्मतारीखही सांगून मोकळी होते. काम काय आहे ते मात्र शेवटी येते, किंवा येतच नाही. अशा वेळी कर्मचाऱ्यांकडून दोन प्रकारच्या चुका वारंवार होतात. काही जण खातेदारावर खेकसतात, त्यामुळे तो ओशाळतो आणि पुढच्या वेळी आवश्यक ते सांगायलाही कचरतो. काही जण मिळालेली माहिती लगेच संगणकात घालून शिल्लक सांगायला लागतात, आणि हे पहिल्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे, कारण माहिती आपणहून सांगणारा माणूस तोच खातेदार आहे हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

खाली दिलेला क्रम पाळावा. पायऱ्या गाळल्या किंवा उलट केल्या की एक तर माणूस दुखावतो, नाही तर माहिती नको तिथे शिल्लक राहते.

## पूर्वतयारी

या प्रसंगातले निम्मे काम खातेदार बोलण्याआधीच करायचे असते. सर्वांत आधी आपल्याच स्वागत-संदेशाकडे पाहावे. अनेक शाखांच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर ‘आपले पूर्ण नाव, खाते क्रमांक, पत्ता व तक्रार पाठवा’ असा मजकूर आपोआप जातो, आणि मग लोक न विचारता सगळे पाठवतात म्हणून आपणच कुरकुर करतो. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘नंबर सांगा’ हेच पहिले वाक्य खिडकीवर ऐकले, त्यांनी नमस्कारापाठोपाठ नंबर सांगितला तर तो त्यांचा आगाऊपणा नव्हे. आपला वेळ वाचावा म्हणून ते तसे करतात. फोनवर तर रांगेत थांबून लागलेली लाइन तुटेल ही धास्तीही असते.

स्वागत-संदेश असा असावा:

‘नमस्कार. आपले काम एका वाक्यात लिहावे. खाते क्रमांक, आधार क्रमांक, पत्ता किंवा पासबुकाचा फोटो आत्ता पाठवू नये. गरज पडल्यास आम्ही विचारू. ओटीपी, पिन आणि पासवर्ड आम्ही कधीही विचारत नाही.’

शेवटची दोन वाक्ये वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. ‘खाते क्रमांक, आधार, ओटीपी पाठवू नका, लागेल तेव्हा विचारू’ असे एकाच वाक्यात लिहिले की ओटीपीसुद्धा बँक कधी तरी विचारते असा अर्थ निघतो, आणि उद्या कुणी भामट्याने ‘आता लागला आहे, सांगा’ असे म्हटले की खातेदार तो सांगून बसतो. हा मजकूर छापण्याआधी शाखेबाहेरच्या एखाद्या वयस्कर व्यक्तीला वाचायला द्यावा आणि ‘यातून काय समजले?’ एवढेच विचारावे.

त्यानंतर शाखेत नेहमी येणाऱ्या कामांची एका पानाची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे किमान कोणती माहिती लागते ते लिहावे. यादी करताना लक्षात येते की निम्म्याहून अधिक चौकशींना कोणतीच वैयक्तिक माहिती लागत नाही. शाखेची वेळ, नवे पासबुक मिळण्याची पद्धत, वारसनोंदीचा अर्ज, मुदत ठेवीचा आजचा व्याजदर, पत्ता बदलण्यासाठी लागणारी कागदपत्रे, यांची उत्तरे कुणालाही देता येतात. खात्यातील विशिष्ट नोंदीबद्दल प्रश्न असेल तेव्हा खाते शोधावे लागते, तेही बहुधा नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून सापडते. हे पान टेबलावर काचेखाली ठेवावे. पुढच्या टप्प्यांत त्याचाच आधार घ्यायचा आहे.

तिसरी तयारी फोनची. मदत-क्रमांक ज्या मोबाइलवर चालतो त्यातील व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय आणि ‘Media visibility’ बंद करावी. अन्यथा खातेदाराने पाठवलेला पासबुकाचा किंवा आधार कार्डाचा फोटो फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो, तिथून तो दुसऱ्याच कुठल्या साठवणीत जातो, आणि संवादातून पुसला तरी तिथे उरतो. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसत नाही ना, तेही पाहावे. मदत-क्रमांक कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर चालवू नये.

खिडकीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा, पेन आणि कागद फाडण्याचे यंत्र हाताशी असावे. यंत्र नसेल तर चिठ्ठी आडवी-उभी फाडावी, सरळ केराच्या टोपलीत टाकू नये.

तपासणी: स्वतःच्या मदत-क्रमांकावर दुसऱ्या मोबाइलवरून ‘नमस्कार’ एवढेच पाठवून पाहावे. आपोआप आलेल्या उत्तरात माहिती मागणारा एकही शब्द असेल, तर पुढच्या टप्प्यांना अर्थ नाही.

## टप्पा १: ओघ थांबवावा, माणसाला थांबवू नये

नमस्काराला नमस्काराने पूर्ण उत्तर द्यावे आणि त्याच श्वासात माहितीचा ओघ अडवावा. येथे उशीर झाला तर काकांचे दहा आकडे होऊन आधार सुरू झालेला असतो. वाक्य लहान असावे, त्यात दोष समोरच्याचा नसावा आणि त्याला लगेच दुसरे काही करायला मिळावे. उदाहरणार्थ, फोनवर: ‘नमस्कार काका. नंबर राहू द्या, आधी काम सांगा.’ खिडकीवर: ‘या, बसा मावशी. नंबर नंतर चिठ्ठीवर लिहून घेऊ. काय काम होतं?’ संबोधन तिथल्या रीतीप्रमाणे असावे; समवयस्क व्यक्तीला काका म्हणण्यापेक्षा ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘दादा’, ‘ताई’ बरे.

ऐकू कमी येणारे ज्येष्ठ मोठ्याने बोलतात आणि त्यांना थांबवण्यासाठी कर्मचारीही आवाज चढवतो. मग मागच्या रांगेला आकडे आणि उपदेश दोन्ही ऐकू जातात. अशा वेळी तोंडाने काही न सांगता चिठ्ठी व पेन पुढे करावे आणि ‘इथे लिहा’ अशी खूण करावी. माणूस आपोआप शांत होतो.

टाळायची वाक्ये अशी: ‘असं कुणालाही नंबर सांगायचा नसतो, कळत नाही का?’, ‘मी विचारलं का तुम्हाला?’, ‘असंच फसता तुम्ही लोक.’ यांतले सावधगिरीचे म्हणणे खरे असले तरी ते सांगण्याची ही वेळ नव्हे. ते टप्पा ६ मध्ये येते.

सावधान: ऐकलेला क्रमांक ‘बरोबर ना?’ म्हणून मोठ्याने परत उच्चारू नये. चौकशीच्या खिडकीवरची ही जुनी सवय मोडायला सर्वांत अवघड जाते. व्हॉट्सॲपवर हीच चूक ‘रिप्लाय’ने होते: माहितीच्या संदेशाला धरून उत्तर दिले की मूळ मजकूर आपल्या उत्तराच्या डोक्यावर चिकटतो, आणि खातेदाराने पुढे आपला संदेश पुसला तरी तो तिथे वाचता येतो. अशा संदेशाला नेहमी नवा, सुटा संदेश लिहून उत्तर द्यावे. आवाजी संदेश आला असेल तर तो स्पीकरवर ऐकू नये. फोन कानाला लावावा.

## टप्पा २: काम एका वाक्यात विचारून घ्यावे

आता काम काय आहे ते पूर्ण ऐकावे आणि पूर्वतयारीच्या पानाशी ताडून पाहावे. चौकशी सर्वसाधारण असेल, तर मिळालेल्या माहितीला हात न लावता उत्तर द्यावे. हे सोपे वाटते, पण हातात क्रमांक असला की तो संगणकात घालून पाहण्याचा मोह होतो. ‘नवे पासबुक कधी मिळेल?’ असे विचारणाऱ्याचे खाते उघडून पाहण्याची गरज नसते. विनाकारण उघडलेल्या खात्याची नोंद बँकेच्या प्रणालीत आपल्या नावावर राहते, एवढे स्वतःला बजावले तरी हा मोह आवरतो.

काही खातेदार काम सांगताना पुन्हा माहितीकडे वळतात: ‘तेच सांगतोय, माझा खाते क्रमांक…’ दुसऱ्यांदा थांबवताना शब्द बदलावेत, सूर बदलू नये. ‘नंबर लागला तर मी स्वतः विचारेन’ एवढे पुरते. तिसऱ्यांदाही तसेच झाले, तर माणूस घाबरलेला आहे असे समजावे आणि सरळ विचारावे, ‘काका, काही गडबड झाली आहे का? कुणाचा फोन आला होता का?’ जो आपल्याला न विचारता सगळे सांगतो, त्याने तेच त्या दिवशी आणखी कुणाला सांगितले असण्याची शक्यता असते. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या बनावट ग्राहकसेवा क्रमांकावर आधी बोलणे झालेले असते आणि तिथे समाधान न झाल्याने ते आपल्याकडे आलेले असतात.

खिडकीवर उभी असलेली व्यक्ती मुदत ठेव तातडीने मोडायची म्हणत असेल, कानाला फोन लावून कुणाच्या तरी सूचना ऐकत असेल आणि विचारण्याआधीच खाते क्रमांक, पत्ता पाठ म्हटल्यासारखे सांगत असेल, तर हे सवयीचे बोलणे नाही. तिला आतल्या खोलीत बसवून शाखाधिकाऱ्यांना बोलवावे, आणि तोवर व्यवहाराला हात लावू नये.

## टप्पा ३: काय सांगून झाले ते मनातल्या मनात तीन भागांत वाटावे

पहिल्या भागात खाते क्रमांक, आयएफएससी, नाव आणि पत्ता येतात. नुसत्या खाते क्रमांकाने कुणाला पैसे काढता येत नाहीत. पैसे जमा करण्यासाठी तो आपण स्वतःच देतो. धोका आहे तो एकत्र येण्याचा. नाव, पत्ता, शाखा आणि खाते क्रमांक एकाच्या हाती आले की ‘मी तुमच्या अमुक शाखेतून बोलतोय, तुमचं खातं अमुक, घर अमुक ठिकाणी’ असा विश्वासार्ह वाटणारा फोन करता येतो आणि पुढे ओटीपी काढून घेता येतो. खातेदाराला भिववू नये. ओघ थांबवून शांतपणे पुढे जावे.

दुसऱ्या भागात आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख आणि आईचे नाव येते. हे बदलता येत नाही किंवा सहज बदलत नाही, म्हणून ते संवादात पडून राहू देऊ नये. टप्पा ५ मधील पुसण्याचे काम या भागासाठी त्याच दिवशी करावे. आधारच्या प्रतीची खरोखर गरज असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे, ‘मास्क्ड आधार’ म्हणतात ते, यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, हे खातेदाराला सांगावे.

तिसऱ्या भागात ओटीपी, एटीएमचा पिन, कार्डाच्या मागचे तीन अंक, यूपीआयचा पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड. यांतले काहीही सांगून झाले असेल, तर नेहमीचा क्रम तिथेच सोडावा. खातेदाराला लाइनवर ठेवूनच कार्ड बंद करणे किंवा पिन बदलणे सुरू करावे. आपण प्रामाणिक आहोत हे येथे उपयोगाचे नाही: पिन शेजारच्याने ऐकला असेल, फोन ध्वनिमुद्रित होत असेल. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या सायबर मदत-क्रमांकावर लगेच फोन करायला लावावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून द्यावी, आणि बँकेकडे तक्रार किती वाजता नोंदली ते मिनिटासह लिहावे. खातेदाराने स्वतः पिन किंवा ओटीपी दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. त्यामुळे त्या नोंदीतला वेळ पुढे पैशांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

## टप्पा ४: ओळख नव्याने पटवावी

बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून थोडे सविस्तर.

खातेदाराने आपणहून सांगितलेली माहिती पासबुकाच्या पहिल्या पानासमोर ठेवून पाहावी. नाव, पत्ता, खाते क्रमांक, शाखा, आयएफएससी: सगळे त्या एका पानावर छापलेले असते. म्हणजे धडाधड सांगणाऱ्याबद्दल एवढेच सिद्ध झाले की पासबुक किंवा त्याचा फोटो त्याच्यासमोर आहे. पासबुक मुलाच्या, शेजाऱ्याच्या, चोराच्या हातीही असू शकते. ‘त्यांनी सगळं बरोबर सांगितलं होतं’ ही सबब नंतर कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून जी माहिती आधीच सांगून झाली, ती ओळखीच्या प्रश्नांतून वगळावी. नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर शाखेने स्वतः परत फोन करावा. पडद्यावर तोच क्रमांक दिसतो म्हणून आलेल्या फोनवर विसंबू नये, कारण दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. फोन लागल्यावर पासबुकाच्या पहिल्या पानावर नसलेले दोन प्रश्न विचारावेत, जसे की खात्यात नियमित जमा होणारी रक्कम कुठून येते, किंवा याच शाखेत दुसरे कोणते खाते वा ठेव आहे. बँकेने ओळखीसाठी स्वतःचे प्रश्न ठरवून दिलेले असतील, तर तेच वापरावेत.

प्रश्न उघडा असावा. ‘तुमची ठेव मार्चमध्ये संपते ना?’ हा प्रश्न नव्हे, ते उत्तर आहे. उत्तर चुकले तर कोणते चुकले ते सांगू नये; ‘फोनवर ओळख पूर्ण होत नाही आहे, पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत या’ एवढेच सांगावे. ज्येष्ठांची उत्तरे खरोखर विसरल्यामुळेही चुकतात, त्यामुळे आवाजात संशय नसावा.

परत फोन करण्यात एक अडचण आहे, ती मोकळेपणाने मान्य करावी: ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन म्हणजे लबाडाचा फोन, हे आपणच लोकांना शिकवले आहे. म्हणून आधी कळवावे की पुढच्या काही मिनिटांत शाखेतून फोन येईल, कोणत्या क्रमांकावरून येईल आणि त्यात ओटीपी किंवा पिन विचारला जाणार नाही. ‘शंका आली तर फोन ठेवून पासबुकावरील शाखेच्या क्रमांकावर तुम्हीच लावा’ हेही सांगावे. कुणी तसे केले तर राग मानू नये, पण असा आलेला फोनही ओळख पटल्याशिवाय पुढे नेऊ नये.

सावधान: सोबत आलेला मुलगा, सून किंवा वारस म्हणून नोंदवलेली व्यक्ती यांना खातेदार हयात असताना खात्याची माहिती मिळण्याचा अधिकार नसतो, जोवर खाते संयुक्त नाही किंवा खातेदाराने लेखी अधिकार दिलेला नाही. आजोबा नंबर सांगत सुटतात म्हणून त्यांच्या मुलाला परस्पर फोन करणे हीदेखील माहिती उघड करण्याचीच चूक आहे. आधी आजोबांना विचारावे.

## टप्पा ५: आलेली माहिती मागे ठेवू नये

काम झाल्यावर, किंवा ओळख न पटल्याने काम थांबल्यावर, उरलेले अवशेष शोधावेत. खिडकीवर ते सोपे आहे: चिठ्ठी खातेदारासमोर फाडावी. ते पाहिले की त्याला आपल्या म्हणण्याचा अर्थ न सांगता कळतो.

व्हॉट्सॲपवर थोडे कौशल्य लागते. दोघांच्याच संवादात खातेदाराने पाठवलेला संदेश आपण फक्त आपल्या फोनवरून काढू शकतो. दोन्हीकडून काढण्यासाठी ‘Delete for everyone’ त्याच्याच फोनवर दाबावे लागते, आणि त्याला साधारण दोन दिवसांची मुदत असते. म्हणून विनंती त्याच दिवशी करावी: ‘काम झाले आहे. आपण पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरावे, वर दिसणाऱ्या डब्याच्या चिन्हाला स्पर्श करावा आणि Delete for everyone निवडावे.’ अनेकांना दोन पर्यायांतला फरक कळत नाही आणि ते ‘Delete for me’ दाबतात. मग संदेश त्यांच्या फोनवरून जातो, आपल्याकडे मात्र राहतो, आणि त्यांना वाटते काम झाले. आपल्या बाजूला संदेश अजून दिसत असेल तर तो आपण काढून टाकावा.

पुसण्याआधी एक विचार करावा. संदेशात तक्रार असेल किंवा फसवणुकीचा पुरावा असेल, तर तो बँकेच्या नियमांप्रमाणे जपायचा आहे. घाईने पुसलेली तक्रार नंतर ‘आलीच नव्हती’ असे होते. तक्रारीचा मजकूर अधिकृत नोंदीत घेऊन, वरिष्ठांना दाखवून मगच मोबाइलवरचा संदेश काढावा.

तपासणी: गॅलरी, डाउनलोडची जागा आणि संगणकावर उघडे असलेले व्हॉट्सॲप वेब, या तिन्ही ठिकाणी पाहावे. तिसरे ठिकाण हमखास विसरले जाते.

## एक प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, इतरांची गर्दी १ नोव्हेंबरपासून. एका सकाळी मदत-क्रमांकावर असा संदेश येतो, असे समजू: ‘नमस्कार साहेब. मी टपाल खात्यातून निवृत्त.’ त्यापुढे पूर्ण नाव, खाते क्रमांक, पीपीओ क्रमांक, आधार क्रमांक, तीन ओळींचा पत्ता, पासबुकाचा फोटो, आणि सर्वांत शेवटी, ‘दाखला मुलाने मोबाइलवर केला. पेन्शन बंद पडणार नाही ना?’

नेहमीची चूक अशी: कर्मचारी खाते उघडतो, दाखल्याची नोंद पाहतो आणि त्याच संदेशाला ‘रिप्लाय’ करून लिहितो, ‘होय, तुमची नोंद झाली आहे.’ समोर कोण होते ते त्याला ठाऊक नाही आणि सगळी माहिती दोनदा छापल्यासारखी संवादात पडून आहे.

योग्य क्रमाने पाहू. सुटा संदेश लिहावा: ‘नमस्कार. आपला प्रश्न मिळाला. क्रमांक व फोटो यांची आत्ता गरज नाही.’ मग प्रश्नाचे दोन भाग करावेत. डिजिटल दाखला तयार झाला की नाही हे पाहायला बँकेची गरजच नाही. जीवन प्रमाण प्रणालीतून दाखला तयार झाल्यावर ‘प्रमाण आयडी’ मिळतो, तो मोबाइलवर लघुसंदेशाने येतो आणि jeevanpramaan.gov.in वर त्या आधारे दाखला पाहता येतो. ‘मुलाकडून तो लघुसंदेश शोधून घ्या. संकेतस्थळावर ओटीपी मागितला तर तो तिथे आपणच भरायचा, आम्हाला पाठवायचा नाही.’ हे शेवटचे वाक्य अत्यावश्यक आहे, कारण जे आजोबा आधार क्रमांक न विचारता पाठवतात, ते ओटीपीही आपुलकीने पाठवतील.

दुसरा भाग, बँकेच्या निवृत्तिवेतन नोंदीत तो दाखला स्वीकारला गेला का, हा मात्र खात्याशी संबंधित आहे. दाखला तयार होणे आणि स्वीकारला जाणे या दोन गोष्टी आहेत. पीपीओ क्रमांक किंवा खाते क्रमांक भरताना एक अंक चुकला तरी तो नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी नोंदवलेल्या क्रमांकावर परत फोन. फोन मुलाने उचलला आणि ‘मीच सांगतो सगळं’ म्हणाला, तर ‘एक मिनिट बाबांना द्या’ असे नम्रपणे सांगावे. आजोबांना दोन उघडे प्रश्न विचारावेत. उत्तरे जुळली की फक्त विचारलेले उत्तर द्यावे, ‘दाखला स्वीकारला आहे’ एवढेच. शिल्लक, मागच्या महिन्याची रक्कम यांचा उल्लेख नको. जुळली नाहीत तर महिनाअखेरीच्या आत शाखेत यायला सांगावे आणि येण्याजोगी प्रकृती नसल्यास बँकेकडे घरपोच सेवेची सोय आहे का ते आपणच पाहून कळवावे.

शेवटी आजोबांकडून संदेश दोन्हीकडून पुसून घ्यावा, आपल्या फोनवर फोटो उतरला नाही ना ते पाहावे.

## टप्पा ६: निरोप घेताना एकच सूचना, आणि अर्ध्या ओळीची नोंद

सावधगिरीचे शब्द आता बोलावेत, काम झाल्यावर, कारण काम झालेला माणूस ऐकतो. पाच सूचना देऊ नयेत. ‘पुढच्या वेळी आधी काम सांगा, नंबर आम्ही मागू तेव्हाच. आणि ओटीपी आम्ही मागणारच नाही, कुणीही मागितला तर फोन ठेवून द्या.’ इतके बोलून थांबावे. खातेदार ‘चुकलं का माझं?’ म्हणाला, तर ‘नाही, आमचीच पद्धत आता बदलली आहे’ हे उत्तर खरेही आहे आणि सोयीचेही.

नोंदवहीत लिहायचे ते काम, दिलेले उत्तर आणि वेळ. ‘काकांनी आधार ४३२१… पाठवला, पुसला’ अशी नोंद करणारे असतात. त्यांनी फोनवरून पुसलेले वहीत उतरवून ठेवलेले असते. ‘अनावश्यक माहिती आली, काढली’ एवढे लिहावे. खाते ओळखण्यासाठी काही लिहिणे भाग असेल, तर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरतात.

एकच व्यक्ती महिन्यातून अनेकदा तीच माहिती आणि तोच प्रश्न घेऊन येत असेल, तर ती सवय नसून विसर असण्याची शक्यता धरावी. त्या वेळी दर वेळी नवा कर्मचारी बोलण्यापेक्षा एकानेच बोलावे, आणि शाखाधिकाऱ्यांनी त्या व्यक्तीला एकदा निवांत बोलावून, कुणाला सोबत आणायला आवडेल ते तिलाच विचारून, संयुक्त खाते किंवा लेखी अधिकार यांचे पर्याय समजावून सांगावेत. निर्णय तिचा. ती नको म्हणाली, तर पुढच्या ‘नमस्कार’लाही टप्पा १ पासूनच सुरुवात करावी लागते.